मशीनचे तास अपुरे असताना कोणता माल आधी काढावा? लवचिक अंदाजपत्रक आणि विक्री-मिश्रणाचा हिशेब, पायरीपायरीने

सातपूर, अंबड किंवा सिन्नरकडच्या माळेगाव-मुसळगाव औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या छोट्या कारखान्यात हिशेबाच्या कामावर नव्याने रुजू झालेल्या माणसाला मालक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न महिन्याच्या सुरुवातीला येतो: ऑर्डरी भरपूर आहेत, पण मशीनवर तेवढा वेळ नाही, तेव्हा कोणता माल आधी काढायचा? दुसरा प्रश्न महिना संपल्यावर येतो: ठरवला होता तेवढा नफा का झाला नाही? बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्पादन विभाग अंदाजाने देतो आणि दुसऱ्याचे उत्तर हिशेब विभाग ताळेबंद तयार झाल्यावर देतो. त्यामुळे दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. प्रत्यक्षात ही दोन्ही उत्तरे एकाच आकड्यातून मिळतात. तो आकडा म्हणजे जिथे काम अडते त्या मशीनच्या एका तासामागे मिळणारे अंशदान, म्हणजे विक्रीच्या दरातून नगामागे वाढणारा खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम. तो कसा काढायचा आणि कसा वापरायचा, हे येथे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण काल्पनिक आहे आणि आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून गोल ठेवले आहेत. अंबडमधील एका कारखान्यात चार सीएनसी टर्निंग मशीन आहेत आणि वाहनांच्या सुट्या भागांपैकी बुश, फ्लँज आणि शाफ्ट असे तीन प्रकारचे नग तेथे तयार होतात. काम दोन शिफ्टमध्ये चालते. बार कापणे, ड्रिलिंग, तपासणी आणि पॅकिंग या कामांना वेळ पुरतो. अडते ते फक्त सीएनसीवर.

पायरी १ : खरे तास मोजा

चार मशीन, महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस आणि दिवसाचे सोळा तास यांचा गुणाकार १,६०० तास होतो. हा आकडा कागदावर लिहून पुढे गेले, तर त्यानंतरचा सगळा हिशेब चुकतो, कारण या वेळात सेटिंग, कापणाऱ्या हत्याराचे इन्सर्ट बदलणे, पहिल्या नगाची तपासणी, देखभाल, वीज जाणे, ऑपरेटर न येणे आणि चहा-जेवणाची सुट्टी हे सर्व धरलेले असते. मागील तीन-चार महिन्यांच्या शिफ्ट अहवालांतून मशीन खरोखर माल कापत होते तो वेळ काढावा. आपल्या उदाहरणात तो तीन-चतुर्थांश, म्हणजे १,२०० तास निघतो. दिवाळीच्या महिन्यात कामाचे दिवसच कमी असतात, म्हणून वर्षभरासाठी एकच आकडा न धरता प्रत्येक महिन्याचे तास वेगळे काढावेत.

त्यानंतर प्रत्येक नगाला लागणारा वेळ मोजावा. येथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण मशीनच्या पडद्यावर दिसणारा सायकल टाइम हा फक्त प्रोग्राम चालण्याचा वेळ असतो. बुशच्या बाबतीत पडद्यावर दोन मिनिटे वीस सेकंद दिसत असतील, तरी दार उघडणे, चक सोडणे, तयार नग काढणे, जॉवर अडकलेल्या चिप्स हवेने उडवणे, नवा तुकडा बसवून चक घट्ट करणे आणि दार लावणे यांत आणखी चाळीस सेकंद जातात. म्हणून स्वतः मशीनजवळ उभे राहून एकदा दार लागल्यापासून पुढच्या वेळी दार लागेपर्यंतचा वेळ सलग दहा-पंधरा नगांसाठी घ्यावा आणि तो दोन्ही शिफ्टमध्ये घ्यावा. आपल्या कारखान्यात अशा मोजणीनुसार बुशला ३ मिनिटे, फ्लँजला १२ मिनिटे आणि शाफ्टला २० मिनिटे लागतात.

महिन्याची मागणी बुश ८,०००, फ्लँज ३,००० आणि शाफ्ट १,२०० नग इतकी आहे. तासांच्या भाषेत ती अनुक्रमे ४००, ६०० आणि ४०० तास, म्हणजे एकूण १,४०० तास होते. हातात १,२०० तास आहेत, म्हणून २०० तासांचा माल या महिन्यात निघणार नाही हे निश्चित आहे. तो कोणता, हे आता ठरवायचे आहे.

पायरी २ : खर्चाची दोन भागांत विभागणी करा

मार्जिनल कॉस्टिंगचा पाया एवढाच आहे की, एक नग जास्त काढला तर जो खर्च वाढतो तो चल खर्च आणि जो वाढत नाही तो स्थिर खर्च. विक्रीच्या दरातून चल खर्च वजा केल्यावर जे उरते ते अंशदान, म्हणजे कारखान्यात सगळे जण ज्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात ते. सर्व नगांचे अंशदान एकत्र करून त्यातून महिन्याचा स्थिर खर्च एकदाच वजा केला की नफा मिळतो. दर घेताना जीएसटी वगळूनच घ्यावा आणि कच्च्या मालाच्या खर्चातून चिप्स व तुकड्यांच्या भंगाराची रक्कम वजा करावी. शाफ्टसारख्या नगात बारचा बराच भाग चिप्समध्येच जातो, म्हणून ही वजाबाकी विसरली तर शाफ्टचे अंशदान विनाकारण कमी दिसते.

कच्चा माल, इन्सर्ट, बाहेरून करून घेतलेले प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट आणि पॅकिंग हे खर्च उघडपणे चल आहेत. गाळ्याचे भाडे, घसारा, विमा आणि कार्यालयीन पगार हे स्थिर आहेत. विचार करावा लागतो तो विजेचा आणि पगाराचा.

महावितरणच्या औद्योगिक बिलात स्थिर आकाराची ओळ वेगळी असते आणि वापरलेल्या युनिटनुसार लागणारा वीज आकार व वहन आकार वेगळे असतात, त्यामुळे बिल समोर घेऊन बसले की अर्धे काम होते. तरीही वापरलेल्या युनिटांपैकी काही युनिट दिव्यांवर, कार्यालयात आणि मशीन थांबलेले असतानाही चालू राहणाऱ्या कंप्रेसरवर खर्च होतात. म्हणून दोन वेगवेगळ्या महिन्यांची तुलना करावी. समजा, १,२०० तास चाललेल्या महिन्यात बिल १,८६,००० रुपये आले आणि ९०० तास चाललेल्या महिन्यात १,५०,००० रुपये आले. तीनशे तासांमागे ३६,००० रुपयांचा फरक पडला, म्हणजे तासाला १२० रुपये चल. बाराशे तासांचे १,४४,००० रुपये बिलातून वजा केले की ४२,००० रुपये स्थिर उरतात. ही पद्धत ढोबळ आहे. दोन महिन्यांच्या दरम्यान वीजदर बदलला असेल किंवा एखाद्या महिन्यात दंडाची रक्कम लागली असेल, तर ती आधी बाजूला काढावी, नाहीतर तो फरक तासांच्या माथी मारला जातो.

ऑपरेटरचा पगार अनेक पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांत चल खर्चात धरलेला असतो. आपल्याकडे ऑपरेटर महिन्याच्या पगारावर असतो आणि मशीन दोन दिवस बंद पडले म्हणून त्याचा पगार कमी होत नाही. त्यामुळे एका महिन्याच्या निर्णयासाठी तो स्थिर धरणेच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. ओव्हरटाइम मात्र चल आहे, कारण तो जादा तासांमुळेच द्यावा लागतो. आपल्या उदाहरणात विजेचे ४२,००० रुपये आणि ऑपरेटरांचे पगार धरून महिन्याचा एकूण स्थिर खर्च ८,४०,००० रुपये आहे.

पायरी ३ : तासाच्या मापाने क्रम लावा

तिन्ही नगांचा हिशेब असा मांडता येतो. रकमा एका नगामागे रुपयांत आहेत.

| | बुश | फ्लँज | शाफ्ट |
|---|---|---|---|
| विक्री दर | १५० | ४२० | ६०० |
| कच्चा माल | ६६ | १६० | २१५ |
| इन्सर्ट | ८ | २६ | ३५ |
| वीज | ६ | २४ | ४० |
| प्रक्रिया व पॅकिंग | १० | ३० | ४० |
| अंशदान | ६० | १८० | २७० |
| तासाला नग | २० | ५ | ३ |
| तासाला अंशदान | १,२०० | ९०० | ८१० |

प्रत्येक नगामागचे अंशदान पाहिले तर शाफ्ट पहिला येतो. विक्रीच्या टक्केवारीत पाहिले तरीही शाफ्टच पुढे आहे, कारण त्याचे अंशदान दराच्या ४५ टक्के आहे आणि बुशचे ४० टक्के. विक्री विभागातील माणूस साहजिकच शाफ्टची ऑर्डर मिळवण्यासाठी धडपडतो. मात्र बाजारात मागणी आहे, कच्चा माल मिळतो आणि माणसेही आहेत. तुटवडा आहे तो तासांचा, म्हणून मोजणीही तासामागेच व्हायला हवी. तशी ती केल्यावर क्रम पूर्णपणे उलटतो आणि दीडशे रुपयांचा छोटा बुश सर्वांत वर येतो.

या ठिकाणी नाशिकमधील जॉबवर्कच्या व्यवहारात रुळलेल्या अवर रेटबद्दल थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. अनेक कारखान्यांत महिन्याचा स्थिर खर्च तासांनी भागून तो प्रत्येक नगावर चढवला जातो. आपल्या उदाहरणात ८,४०,००० भागिले १,२०० म्हणजे तासाला ७०० रुपये. या हिशेबाने बुशवर २५, फ्लँजवर ४० आणि शाफ्टवर सुमारे ३७ रुपये नफा दिसतो, म्हणजे क्रमच वेगळा होतो आणि बुश शेवटी जातो. याहून मोठा धोका काम कमी असलेल्या महिन्यात असतो. तास ८४० पर्यंत खाली आले, तर हाच दर तासाला १,००० रुपये होतो, शाफ्टवर सुमारे ३३३ रुपये चढतात आणि ६०० रुपयांच्या नगाची किंमत ६६३ रुपये दिसू लागते. शाफ्ट तोट्यात आहे असे समजून त्याची ऑर्डर सोडली, तर प्रत्येक नगामागचे २७० रुपयांचे अंशदान बुडते आणि स्थिर खर्च मात्र एक रुपयानेही कमी होत नाही. मग उरलेल्या तासांवर तो दर आणखी चढतो आणि या दराने आधीच तोट्यात दिसणारा फ्लँज पुढच्या महिन्यात आणखी तोट्यात दिसू लागतो. दीर्घ मुदतीचा दर ठरवताना अवर रेट उपयोगी पडतो, हे मला मान्य आहे. या महिन्यात कोणता माल आधी काढावा, हे ठरवण्यासाठी मात्र तो वापरू नये.

पायरी ४ : तास वाटा आणि अटी तपासा

क्रम ठरल्यावर वाटप सोपे आहे. बुशची पूर्ण मागणी ४०० तासांत, फ्लँजची पूर्ण मागणी ६०० तासांत आणि उरलेल्या २०० तासांत ६०० शाफ्ट. अंशदान अनुक्रमे ४,८०,०००, ५,४०,००० आणि १,६२,००० रुपये, म्हणजे एकूण ११,८२,००० रुपये होते. स्थिर खर्च वजा जाता नफा ३,४२,००० रुपये राहतो. हाच कारखाना शाफ्टपासून सुरुवात करून १,२०० शाफ्ट, ३,००० फ्लँज आणि उरलेल्या वेळात ४,००० बुश काढत बसला, तर अंशदान ११,०४,००० रुपयेच होईल. माणसे, मशीन आणि तास तेच असूनही महिन्याला ७८,००० रुपयांचा फरक पडतो.

यापुढे हिशेबाबाहेरच्या अटी येतात आणि त्या दुर्लक्षून चालत नाही. समजा, शाफ्ट घेणारे गिऱ्हाईकच फ्लँजही घेते आणि महिन्याला किमान ९०० शाफ्ट मिळालेच पाहिजेत असे त्याचे म्हणणे आहे. अशा वेळी आधी ती अट पूर्ण करण्यासाठी ३०० तास बाजूला ठेवावेत आणि उरलेले ९०० तास क्रमाने वाटावेत. बुशला ४०० तास मिळतात आणि फ्लँजला ५००, म्हणजे २,५०० नग. अंशदान ११,७३,००० रुपये होते. याचा अर्थ त्या गिऱ्हाइकाची अट सांभाळण्याची किंमत महिन्याला ९,००० रुपये आहे. हा आकडा मालकांपुढे ठेवला की चर्चा नेमकी होते. फ्लँजची एवढी मोठी ऑर्डर टिकवण्यासाठी ९,००० रुपये मोजणे बहुतेक मालकांना परवडेल. मात्र हा निर्णय मालकांचा आहे आणि हिशेबनिसाने किंमत सांगून थांबावे. पुढील हिशेबासाठी ही अट नाही असे धरून ६०० शाफ्टचीच योजना घेऊ.

दुसरी अट लहान लॉटची. आपल्या १,२०० तासांतून नेहमीच्या सेटिंगचा वेळ आधीच वजा झाला आहे, पण तो नेहमीच्या मोठ्या लॉटपुरता. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने वेगळ्या मापाचे फक्त ५० बुश मागितले आणि त्यासाठी दोन तासांचे वेगळे सेटिंग लागले, तर अडीच तास कटिंग आणि दोन तास सेटिंग मिळून साडेचार तास लागतात. अंशदान मिळते ३,००० रुपये, म्हणजे तासाला सुमारे ६६७ रुपये. एरवी पहिल्या क्रमांकावर असलेला बुश या लॉटमध्ये शाफ्टच्याही खाली जातो. अशा ऑर्डरीसाठी सेटिंगचा खर्च वेगळा घ्यावा किंवा किमान लॉट ठरवून द्यावा. दर तोच ठेवून शाफ्टशी बरोबरी करायची असेल, तर साधारण ८४ नगांचा लॉट लागतो.

पायरी ५ : महिना संपल्यावर अंदाजपत्रक खऱ्या उत्पादनाला जुळवून घ्या

आता महिना संपला आहे. महिन्याच्या मध्यावर एका मशीनचे स्पिंडल बेअरिंग गेले आणि ते मशीन दहा दिवस बंद राहिले. दहा दिवसांचे सोळा तास आणि त्यातील तीन-चतुर्थांश कामाचा वेळ, म्हणजे १२० तास गेले. प्रत्यक्षात १,०८० तास मिळाले आणि त्यांत ७,००० बुश, २,८०० फ्लँज आणि ५१० शाफ्ट निघाले. सर्व माल ठरलेल्या दराने विकला गेला आणि नफा १,९२,७०० रुपये झाला. मूळ अंदाजपत्रकात ३,४२,००० रुपये होते. हा १,४९,३०० रुपयांचा फरक कशामुळे पडला?

मूळ अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च थेट शेजारी ठेवले, तर दिशाभूल होते. इन्सर्टचेच पाहा. मूळ योजनेतील नगांसाठी इन्सर्टचा खर्च १,६३,००० रुपये धरला होता आणि प्रत्यक्ष खर्च १,६१,६५० रुपये झाला. वरवर पाहता बचतच झाली. पण नगच कमी निघाले आहेत. जेवढे नग खरोखर निघाले त्यांना ठरलेल्या दराने किती इन्सर्ट लागायला हवे होते, हे काढले की बुशचे ५६,०००, फ्लँजचे ७२,८०० आणि शाफ्टचे १७,८५० मिळून १,४६,६५० रुपये होतात. म्हणजे प्रत्यक्षात १५,००० रुपये, सुमारे दहा टक्के, जास्त खर्च झाले आहेत. लवचिक अंदाजपत्रकाचे काम हेच आहे: चल खर्च खऱ्या नगांना जुळवून पुन्हा मांडायचा, स्थिर खर्च तसाच ठेवायचा आणि मगच प्रत्यक्षाशी तुलना करायची. यासाठी मूळ, लवचिक आणि प्रत्यक्ष असे तीन रकाने पुरेसे आहेत.

लवचिक रकान्यात बुशचे अंशदान ४,२०,०००, फ्लँजचे ५,०४,००० आणि शाफ्टचे १,३७,७०० रुपये येते. एकूण १०,६१,७०० रुपयांतून ८,४०,००० रुपये स्थिर खर्च वजा केला की अपेक्षित नफा २,२१,७०० रुपये निघतो. मूळ आणि लवचिक यांतील १,२०,३०० रुपयांचा फरक नग कमी निघाल्यामुळे आहे. लवचिक आणि प्रत्यक्ष यांतील २९,००० रुपयांचा फरक खर्चामुळे आहे. त्यात इन्सर्टचे १५,०००, कच्च्या मालाचे ८,००० आणि स्थिर खर्चातील ६,००० रुपयांची वाढ आहे.

बहुतेक जण येथे थांबतात आणि १,२०,३०० रुपये मशीन बंद पडल्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. मला वाटते, खरे शिकण्यासारखे यापुढेच आहे. १२० तास गेले हे खरे, पण ते कोणत्या मालाचे जायला हवे होते? तासाला सर्वांत कमी अंशदान देणाऱ्या शाफ्टचे. सगळी कपात शाफ्टमध्ये केली असती, तर नुकसान १२० गुणिले ८१०, म्हणजे ९७,२०० रुपये झाले असते. प्रत्यक्षात कपात तिन्ही मालांत वाटली गेली: बुशचे ५० तास, फ्लँजचे ४० आणि शाफ्टचे ३०. त्यामुळे ६०,०००, ३६,००० आणि २४,३०० मिळून १,२०,३०० रुपये गेले. वरचे २३,१०० रुपये मशीनमुळे गेलेले नाहीत. ते मिश्रण बदलल्यामुळे गेले आहेत.

असे का झाले, हे शोधायला हिशेबाची वही पुरत नाही, शॉप फ्लोअरवर जावे लागते. या उदाहरणात बंद पडलेले मशीन बुशसाठी लावलेले होते, आणि चालू मशीनवरचे शाफ्टचे सेटिंग मोडून तेथे बुश लावण्यास सुपरवायझर तयार नव्हते, कारण सेटिंगला वेळ जातो आणि शाफ्टवाल्याचा रोज फोन येत होता. त्यांची भूमिका चुकीची म्हणता येत नाही, कारण त्यांच्यापुढे तासाच्या अंशदानाचा आकडाच नव्हता. दोन तासांच्या सेटिंगमुळे शाफ्टचे सुमारे १,६२० रुपयांचे अंशदान जाते, तर त्याच मशीनवर पुढे शाफ्टऐवजी बुश चालल्यास प्रत्येक तासाला ३९० रुपये जास्त मिळतात. म्हणजे साधारण सव्वाचार तासांत सेटिंगची भरपाई होते. हे गणित क्रमाच्या तक्त्यासोबत सुपरवायझरच्या टेबलावर लावून ठेवावे, म्हणजे मशीन बंद पडल्यावर काय थांबवायचे हे त्याच शिफ्टमध्ये ठरते.

इन्सर्टच्या १५,००० रुपयांचा शोधही असाच घ्यावा. स्टोअरच्या नोंदवहीतून शिफ्टनुसार दिलेले इन्सर्ट आणि त्याच शिफ्टमध्ये निघालेले नग यांचा मेळ घालून एका धारेवर किती नग निघतात ते काढावे. आकडा दोन्ही शिफ्टमध्ये सारखाच खाली आला असेल, तर बारचा नवा लॉट कठीण असण्याची शक्यता मोठी. एकाच शिफ्टमध्ये आला असेल, तर धार संपण्याआधीच इन्सर्ट बदलले जात आहेत किंवा फीड-स्पीड बदलले गेले आहेत, हे पाहावे.

जादा तासांसाठी किती मोजावे

वरच्या योजनेनंतरही ६०० शाफ्टची मागणी शिल्लक राहते. म्हणजे आणखी एक तास मिळाला, तर तो शाफ्टला जाईल आणि ८१० रुपये अंशदान देईल. ओव्हरटाइम, तिसरी शिफ्ट किंवा बाहेरचे जॉबवर्क यांपैकी कशावरही जादा तासासाठी याहून जास्त पैसे देऊ नयेत, एवढी साधी मर्यादा या आकड्यातून मिळते. ओव्हरटाइमचे वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावे लागते, तरीही एका ऑपरेटरचा तास सहसा या मर्यादेत बसतो. तिसऱ्या शिफ्टचा खर्च मात्र एकरकमी वाढतो. सुपरवायझर, ऑपरेटर आणि रात्रीची व्यवस्था मिळून महिन्याला १,२०,००० रुपये लागत असतील आणि हाताशी फक्त २०० तासांची मागणी असेल, तर १,६२,००० रुपयांतून ४२,००० रुपये उरतात. मागणी १४८ तासांवर घसरली की ही शिफ्ट तोट्यात जाते. म्हणून लवचिक अंदाजपत्रकात १,२०० तासांपलीकडचा स्थिर खर्च वेगळ्या टप्प्यात लिहावा.

याच आकड्यावरून रिजेक्शनची खरी किंमतही कळते. सीएनसीवरून उतरल्यावर एक शाफ्ट नापास झाला, तर चल खर्चाचे ३३० रुपये गेलेच, शिवाय वीस मिनिटांचे २७० रुपयेही गेले. भंगाराची किरकोळ रक्कम आणि वाचलेले पॅकिंग सोडले, तर पूर्ण विक्री दराएवढे नुकसान होते. तोच दोष मशीनवर चढवण्याआधी बारमध्ये सापडला असता, तर फक्त माल परत करावा लागला असता. म्हणून तपासणीसाठी एकच माणूस असेल, तर त्याला सीएनसीच्या आधी उभे करावे.

हा क्रम कधी चालत नाही

वरचा सगळा हिशेब एकच मशीन अडचणीचे आहे यावर उभा आहे. तिसरी शिफ्ट सुरू झाली की सीएनसीची अडचण दूर होते आणि ग्राइंडिंग किंवा बाहेरची हीट ट्रीटमेंट तुंबू लागते. हे ओळखण्यासाठी अहवालाची वाट पाहू नये. अर्धवट तयार नगांचे क्रेट कोणत्या मशीनपुढे साठत आहेत ते पाहावे. ते जागा बदलू लागले की तासाचे अंशदान त्या नव्या मशीनच्या वेळेने पुन्हा काढावे, आणि क्रम पुन्हा बदलू शकतो हे धरून चालावे. दोन ठिकाणी एकाच वेळी अडत असेल, तर एका क्रमाने उत्तर मिळत नाही. तेव्हा दोन्ही मर्यादा एकत्र मांडून एक्सेलमधील सॉल्व्हरसारख्या साधनाने मिश्रण काढावे लागते. आणि ज्या महिन्यात तास शिल्लक राहतात, त्या महिन्यात तासाचा क्रम बाजूला ठेवावा. तेव्हा चल खर्च भागवून वर काहीतरी उरवणारी प्रत्येक ऑर्डर घेण्याजोगी असते, फक्त तो उतरलेला दर नेहमीच्या गिऱ्हाइकांचा कायमचा दर होणार नाही, एवढी काळजी घ्यावी.